लेबलवरच्या छोट्या रेघा

महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत धुण्याचं यंत्र नळाला येईल तेच पाणी वापरतं. वरून झाकण असलेल्या साध्या यंत्रांत पाणी तापवायची सोय नसते. लोकरीचे कपडे मुळात थोडे, रेशमी साडीचं काय करायचं ते घरातल्या मोठ्यांना माहीत, वाळवायला गच्चीतलं ऊन आणि इस्त्रीला कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. त्यामुळे शर्टाच्या आतल्या शिवणीत अडकवलेली पांढरी पट्टी टोचली तर कापून टाकायची, एवढाच तिच्याशी संबंध.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाला मात्र पहिल्याच आठवड्यात ही पट्टी शोधावी लागते. वसतिगृहाच्या तळघरात समोरून दार उघडणारी यंत्रं ओळीनं उभी असतात. ती गार पाणी घेऊन आतल्या आत तापवतात; चकती फिरवली की 30, 40, 60, अगदी 90 अंशांपर्यंत. शेजारी गरम हवेनं कपडे वाळवणारं ‘ट्रॉकनर’ असतं. घरी जे काम हात आणि ऊन करत होतं, ते इथे उष्णता आणि फिरणारा ड्रम करतो, आणि या दोघांची ताकद बरीच जास्त आहे. नुकताच घेतलेला स्वेटर, थर्मल, घरून आणलेले सुती कुडते, जीन्स असं सगळं एकाच फेरीत टाकायचा मोह होतो, कारण प्रत्येक फेरीचे पैसे पडतात. लेबलवर मात्र शब्द नसतात. असते ती चिन्हांची एक रांग. मग फोनवर तिचा फोटो काढून मित्राला किंवा घरच्या ग्रुपवर पाठवला जातो आणि खाली प्रश्न येतो, “हे कसं धुवायचं?”

या फोटोचं उत्तर देता येतं, कारण रांगेचा क्रम ठरलेला असतो. पॅरिसमध्ये 1963 साली स्थापन झालेल्या ‘जिनेटेक्स’ या संस्थेनं ही चिन्हं पुढे आणली आणि आयएसओचं 3758 क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानकही त्याच चिन्हांवर उभं आहे. आधी पाण्याचं टब, मग त्रिकोण, मग चौकोन, मग इस्त्री, शेवटी वर्तुळ. म्हणजे धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री आणि व्यावसायिक धुलाई. युरोपात विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर बहुतेक वेळा हाच क्रम दिसतो.

क्रमापेक्षाही आधी लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. लेबल कपडा ‘असा धुवा’ असं सांगत नाही. ‘याच्या पलीकडे जाऊ नका’ असं सांगतं. टबात 60 लिहिलं असेल तर तो शर्ट 60 अंशांपर्यंत टिकेल, एवढाच अर्थ. घामाचा साधा शर्ट 30 वर धुतला तरी काहीच बिघडत नाही. उलट दिशेनं गेलं की मात्र नुकसान होतं. आणि ही मर्यादा फक्त कापडाची नसते, तर अस्तर, बटणं, छापलेली नक्षी, शिवणीचा धागा यांच्यासकट अख्ख्या कपड्याची असते. म्हणून दिसायला जाडजूड सुती जॅकेटवरही 30 लिहिलेलं असू शकतं.

आता फोटोकडे वळू. बहुतेक चुका चिन्ह माहीत नसल्यामुळे होत नाहीत. चिन्हातली एखादी बारीक रेघ फोटोत हरवल्यामुळे होतात. टबाखालची आडवी रेघ, त्रिकोणातल्या दोन तिरक्या रेघा, चौकोनाच्या कोपऱ्यातली छोटी रेघ, इस्त्रीतला ठिपका यांतच सगळा अर्थ असतो, आणि साटिनसारख्या चमकदार पट्टीवर फ्लॅश पडला की याच रेघा पांढऱ्या पडून गायब होतात. फ्लॅश बंद करून खिडकीजवळच्या उजेडात, पट्टी टेबलावर ताणून धरून, सरळ वरून फोटो काढावा. पट्टीची खालची कड शिवणीत दुमडलेली असेल तर ती बाहेर ओढावी, कारण टबाखालच्या रेघा नेमक्या तिथे लपतात. एकावर एक चार पानांचं लेबल असेल तर चिन्हं आणि कापडाचे टक्के बहुधा वेगवेगळ्या पानांवर असतात. दोन्ही पानांचे फोटो लागतात.

फोटो उलटा तर नाही, हेही बघावं. टबाच्या वरच्या कडेला पाण्याची लाट असते आणि कपड्यासाठी नरमाई सांगणाऱ्या रेघा टबाच्या खाली असतात. रेघा वर दिसल्या की फोटो फिरवायचा. समोरच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो काही फोन आरशासारखा उलटवतात, तेव्हा ‘सावलीत वाळवा’ सांगणारी कोपऱ्यातली रेघ डावीकडून उजवीकडे जाते. अशा फोटोत आकडेही उलटे दिसतात, त्यावरून ते ओळखू येतं.

समजा, आखेनमध्ये नुकतीच पोचलेली एक विद्यार्थिनी आपल्या नव्या स्वेटरच्या लेबलचा फोटो पाठवते. एका पानावर 70 टक्के लोकर, 30 टक्के पॉलिअमाइड. दुसऱ्या पानावर रांग अशी: टबात 30 आणि खाली दोन आडव्या रेघा, त्रिकोणावर फुली, वर्तुळ असलेल्या चौकोनावर फुली, एक आडवी रेघ असलेला चौकोन, इस्त्रीत एक ठिपका, आणि वर्तुळात P.

पहिलंच चिन्ह सर्वांत जास्त बोलतं. 30 हे पाण्याचं कमाल तापमान, अंश सेल्सियसमध्ये. खालच्या रेघा सांगतात की यंत्रानं कपड्याला किती घुसळायचं. रेघ नसेल तर नेहमीचं धुणं. एक रेघ असेल तर हळुवार, म्हणजे यंत्रावरचा ‘प्फ्लेगेलाइश्ट’ हा कार्यक्रम, जो सिंथेटिक आणि मिश्र कपड्यांसाठी असतो. दोन रेघा म्हणजे फारच हळुवार: ‘फाइनवेशे’ किंवा लोकरीसाठी ‘वोले’. टबात हात बुडवलेला दिसला तर हातानं धुवायचं, पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको. टबावर फुली असेल तर घरी पाण्यात घालायचंच नाही.

या दोन रेघांकडे दुर्लक्ष करून ‘30 तर आहे ना’ म्हणत स्वेटर सुती कपड्यांच्या ‘बाउमवोले’ कार्यक्रमात टाकला की नुकसान होतं, आणि ते फक्त पाण्याच्या तापमानामुळे नव्हे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर एकाच दिशेला वळलेले बारीक खवले असतात. ओलावा, ऊब आणि सततची घुसळण मिळाली की तंतू एकमेकांत सरकतात, खवले अडकतात आणि मग ते मागे येत नाहीत. ड्रममधून बाहेर येणारा स्वेटर आखूड, जाड आणि कडक होतो; विणकामातली एकेक घर पूर्वी वेगळं दिसायचं, ते आता दिसत नाही. यालाच लोकर ‘फेल्ट’ होणं म्हणतात. फेल्ट झालेली लोकर कितीही ओढली तरी पूर्ववत होत नाही. सुती टी-शर्टचं आटणं वेगळं असतं. विणताना ताणलेला धागा पाण्यात सैल होऊन मूळ लांबीवर येतो, म्हणून ओला असताना हातानं ताणून वाळवला तर तो थोडाफार परत मिळतो.

म्हणून त्या विद्यार्थिनीला उत्तर असं: ‘वोले’ कार्यक्रम, 30 किंवा त्याहून कमी तापमान, ड्रम निम्म्याहून रिकामा आणि ‘श्लॉयडर्न’, म्हणजे पिळण्याचा वेग, कमी. ड्रम रिकामा का ठेवायचा? लोकर भरपूर पाण्यात तरंगत राहिली की घासली कमी जाते. ठासून भरलेल्या ड्रममध्ये हळुवार कार्यक्रमही हळुवार राहत नाही.

आता त्रिकोण. मराठी वाचकाला ब्लीच म्हटलं की उग्र वासाची बाटली किंवा ब्लीचिंग पावडर आठवते, आणि आपण तर ती घेतलेलीच नाही, मग हे चिन्ह आपल्या कामाचं नाही असं वाटतं. जर्मनीत हाच समज महागात पडतो, कारण ब्लीच बऱ्याचदा साबणाच्या पावडरमध्येच असतं. दुकानात ‘फोलवाशमिटेल’ या नावानं मिळणारी पावडर पांढऱ्या कपड्यांसाठी असते आणि तिच्यात ऑक्सिजन सोडणारं ब्लीच मिसळलेलं असतं. चहाचे, हळदीचे डाग ती छान काढते. पण हळदीचा रंग काढणारं द्रव्य गडद कुडत्याचा रंगही फिका करतं. शेजारच्या खोक्यावर ‘कलरवाशमिटेल’ असतं, त्यात ब्लीच नसतं. एक बारकावा इथे उपयोगी आहे. फोलवाशमिटेल द्रवरूपात घेतलं तर त्यातही ब्लीच नसतं, कारण ते द्रवात टिकत नाही.

त्रिकोणाचे तीन प्रकार आहेत. रिकामा त्रिकोण म्हणजे कोणतंही ब्लीच चालेल. आत दोन तिरक्या रेघा म्हणजे ऑक्सिजनचं चालेल, क्लोरीनचं नाही. म्हणजे फोलवाशमिटेलची पावडर चालेल. त्रिकोणावर फुली म्हणजे कोणतंच नाही. पुसट फोटोत दुसरा आणि तिसरा प्रकार हमखास एकसारखे वाटतात. ओळखायची खूण अशी की दोन तिरक्या रेघा एकाच दिशेला कललेल्या असतात आणि त्रिकोणाच्या आतच राहतात; फुलीच्या रेघा एकमेकींना छेदतात आणि त्रिकोणाच्या बाहेर येतात. शंका राहिली तर फुली समजावी.

आपल्या स्वेटरच्या त्रिकोणावर फुली आहे. त्यामुळे पांढरी पावडर बाद. पण रंगीत कपड्यांचा साबणही लोकरीला योग्य नाही. अन्नाचे डाग काढायला साबणात अनेकदा प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स घालतात आणि लोकर हे प्रथिनच आहे. ती दर धुण्याला थोडी थोडी विरत जाते. काही महिन्यांनी कोपराजवळ कापड विरळ दिसू लागतं. ‘वोलवाशमिटेल’ नावाचा लोकरीचा आणि रेशमाचा द्रव साबण याच कारणासाठी वेगळा मिळतो. त्यात ही एन्झाइम्स नसतात. घरून आणलेल्या रेशमी कपड्यांनाही तोच लागू.

तिसरं चिन्ह चौकोन. चौकोनात वर्तुळ असेल तर गोष्ट ट्रॉकनरची. वर्तुळात एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, बाहेर पडणारी हवा साधारण 60 अंशांपर्यंत. दोन ठिपके म्हणजे नेहमीची, 80 अंशांपर्यंत. फुली म्हणजे ट्रॉकनर नकोच. कपडे आटण्याच्या तक्रारी धुण्यापेक्षा इथे जास्त निर्माण होतात, कारण ट्रॉकनरमध्ये उष्णता आणि आपटणं दोन्ही तासभर चालू असतं. लेगिंग्ज आणि स्ट्रेच जीन्समधला इलॅस्टेनचा धागा यात ताण सोडतो. कमरेची किंवा बाहीची कड लाटांसारखी वाकडी दिसू लागली की समजायचं, धागा गेला.

एक गोंधळ फोटोंवर हमखास होतो. शेवटच्या नुसत्या वर्तुळावर फुली दिसली की अनेकांना वाटतं, ट्रॉकनर नको. तसं नाही. चौकोनाशिवायचं वर्तुळ धुलाईवाल्यासाठी असतं. त्यात P किंवा F असेल तर कोणतं ड्राय-क्लीनिंग द्रावण वापरायचं ते कळतं, W असेल तर व्यावसायिक पद्धतीनं पाण्यात धुता येतं. फुली असलेलं नुसतं वर्तुळ म्हणजे ड्राय-क्लीनिंग नको, बस्स. ट्रॉकनरबद्दल बोलतो तो फक्त चौकोन.

चौकोनात वर्तुळ नसून रेघा असतील तर वाळत घालण्याची पद्धत सांगितलेली असते. उभी रेघ म्हणजे दोरीवर टांगून. दोन उभ्या म्हणजे न पिळता, पाणी गळू देत टांगून. आडवी म्हणजे सपाट पसरून. दोन आडव्या म्हणजे न पिळता सपाट. वरच्या डाव्या कोपऱ्यात तिरकी रेघ असेल तर सावलीत. बऱ्याच लेबलांवर हे चिन्ह नसतं, फक्त ट्रॉकनरवरची फुली असते. मग कापडाचे टक्के बघून ठरवावं लागतं.

स्वेटरवर आडवी रेघ आहे, कारण ओली लोकर खूप पाणी धरून ठेवते आणि त्या वजनानं टांगलेला स्वेटर लांबत जातो. कोरड्या पंच्यावर किंवा मोठ्या टॉवेलवर तो पसरावा, टॉवेलची गुंडाळी करून दाबावी, पाणी टॉवेलमध्ये शिरतं. पिळू नये. मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर मूळ आकारात पसरून ठेवावा. थंडीत हीटरवर टाकायचा मोह आवरावा; लोकर एका बाजूनं कडक होते. खोलीत कपडे वाळत घातले असतील तर दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडून हवा बदलावी. बंद खिडकीच्या खोलीत ओल भिंतीवर बसते, बुरशी येते आणि भाड्याच्या घरात ती भाडेकरूच्या अंगावर येऊ शकते.

इस्त्रीबद्दल फार लिहायला नको. एक ठिपका म्हणजे सुमारे 110 अंश, ॲक्रिलिक आणि नायलॉनसारख्या कापडांसाठी, आणि वाफ टाळून. दोन म्हणजे सुमारे 150, लोकर, रेशीम, पॉलिएस्टर यांना चालणारं. तीन म्हणजे सुमारे 200, सुती आणि लिननसाठी. इस्त्रीच्या चकतीवरही हेच ठिपके असतात, त्यामुळे जुळवायला अडचण नाही. आपल्या स्वेटरवर लोकर असूनही एकच ठिपका आहे, कारण त्यात 30 टक्के पॉलिअमाइड आहे आणि मर्यादा नाजूक धाग्यानं ठरते. इस्त्री जास्त तापली की पॉलिएस्टर आणि गडद पँटवर चकाकणारे पट्टे उमटतात. धाग्याचा पृष्ठभाग चेपल्याची ती खूण असते आणि धुऊनही ती जात नाही. कपडा उलटा करून, वर सुती रुमाल टाकून इस्त्री केली तर हा धोका बराच टळतो.

एका फेरीत अनेक कपडे टाकायचे असतील तर सगळ्यांचे फोटो शेजारी ठेवून प्रत्येक रकान्यात सर्वांत कडक अट निवडायची. 60 लिहिलेला शर्ट, 40 लिहिलेली जीन्स आणि 40 खाली एक रेघ असलेली पॉलिएस्टर पँट एकत्र धुवायची तर कार्यक्रम 40 अंशांचा ‘प्फ्लेगेलाइश्ट’, साबण कलरवाशमिटेल. स्वेटर यांच्यात बसत नाही, त्याला वेगळी फेरी किंवा बादली.

घरून आणलेल्या कपड्यांची अडचण निराळी. शिंप्यानं शिवलेल्या कुडत्याला, हातमागाच्या ओढणीला लेबलच नसतं. अशा कपड्याचा रंग आधी तपासावा. आतल्या शिवणीचा भाग ओला करून पांढऱ्या कापडावर जोरात दाबावा. रंग उतरला तर तो कपडा वेगळा, गार पाण्यात, हातानं. न उतरला तर 30 अंशांवर, रंगीत कपड्यांच्या साबणात, ट्रॉकनरविना. जरीची साडी किंवा पैठणी यंत्रात घालायचीच नाही.

दुसऱ्या देशातून आलेल्या कपड्यांवर हीच चिन्हं थोडी वेगळी दिसतात. अमेरिकेत विकत घेतलेल्या शर्टाच्या टबात आकड्याऐवजी ठिपके असू शकतात: एक म्हणजे 30, दोन म्हणजे 40, तीन म्हणजे 50 अंश. जपाननं डिसेंबर 2016 पासून आंतरराष्ट्रीय पद्धत स्वीकारली. त्याआधीच्या जपानी कपड्यांवर जुनी देशी चिन्हं आणि जपानी अक्षरं सापडतात. तिथे आकडा आणि फुली तेवढी ओळखीची असते.

धुण्यानं लेबलची छपाई फिकी होत जाते आणि सगळ्यांत आधी जातात त्या बारीक रेघा. दोन रेघांची एक होते, एकीची शून्य. म्हणून कपडा विकत घेतला त्याच दिवशी, पहिल्या धुण्याआधी आणि टोचणारी पट्टी कापण्याआधी, तिच्या प्रत्येक पानाचा खिडकीच्या उजेडात एक फोटो काढून फोनमध्ये वेगळ्या अल्बममध्ये ठेवा.